स्प्रिंगला टांगलेलं वजन: उंची टोकावर वाचा, वेळ मध्यावर

माझा भाचा दहावीपर्यंत मराठी शाळेत होता. अकरावीला सायन्स घेतल्यावर त्याची पहिली तक्रार अशी होती की आयाम, दोलनकाल आणि वारंवारता त्याला माहीत आहेत, पण वर्गात कोणीतरी ॲम्प्लिट्यूड, पीरियड आणि फ्रिक्वेन्सी नावाचे तीन नवे पाहुणे आणून बसवलेत. ते तेच जुने तिघे आहेत हे समजायला त्याला पाच मिनिटं लागली. खरी अडचण पुढे होती. पुस्तकात स्प्रिंगला टांगून वर-खाली होणाऱ्या वजनाचा आलेख होता, त्याकडे बोट दाखवून मी विचारलं, "वजन सगळ्यात जोरात कुठे चाललंय?" त्याने ठामपणे सगळ्यात उंच टोकावर बोट ठेवलं.

हे उत्तर इतक्या मुलांनी दिलेलं मी पाहिलंय की आता मला त्याचं आश्चर्य वाटत नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत माझी बरीच वर्षं गेली आणि माझा अनुभव असा, की हा आलेख समजावून सांगून फारसा उपयोग होत नाही. तो एकदा स्वतः काढावा लागतो. त्यामुळे एका रविवारी भाच्याला ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने ऐरोलीला बोलावलं आणि गॅलरीच्या ग्रिललाच स्प्रिंग टांगली. त्या दिवशी जे केलं तेच इथे क्रमाने लिहितो. आकडे आमचे आहेत, तुमचे वेगळे येतील.

मांडणी

लागणाऱ्या वस्तू फार नाहीत. प्रयोगशाळेत मिळते तशी एक मऊ स्प्रिंग, खाचांची वजनं आणि त्यांचा हूक, तीस सेंटीमीटरची मोजपट्टी, एक टाचणी, सेलोटेप, ग्राफपेपर आणि मोबाइल. खाचांची वजनं नसली तर स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून डाळीची पुडी गच्च बांधा. पाण्याची बाटली मात्र टांगू नका, आतलं पाणी आपल्याच तालावर डुचमळतं आणि आलेख बिघडवतं.

आमचं वजन हुकासकट 200 ग्रॅम होतं. हुकाला टाचणी आडवी चिकटवली, म्हणजे मोजपट्टीवर दाखवायला काटा झाला. मोजपट्टी शून्य वर ठेवून उभी बांधली, टाचणीच्या अगदी मागे, पण टाचणी घासणार नाही इतकं अंतर राखून. घासली तर वजन लवकर थांबतं.

मोबाइल कुठे ठेवायचा याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. वजन स्थिर लटकत असताना टाचणी ज्या उंचीवर असते, कॅमेऱ्याची भिंग त्याच उंचीवर हवी आणि कमीत कमी मीटरभर लांब हवी. समजा मोजपट्टी टाचणीच्या दोन सेंटीमीटर मागे आहे. मोबाइल तीस सेंटीमीटरवरून धरला तर मध्यापासून 4.0 सेंटीमीटरवर गेलेली टाचणी पट्टीवर जवळजवळ 4.3 दाखवते. मीटरभर मागे गेलात तर हीच चूक मिलिमीटरच्या आत येते. हातात मोबाइल धरणं तर नकोच. आम्ही तो खुर्चीवर पुस्तकांच्या थप्पीत उभा केला.

पंखा बंद करा. हे सांगायची गरज नसावी, पण आम्ही स्वतः पहिल्या वेळी विसरलो आणि वजन वर-खाली होण्याऐवजी देवळातल्या घंटेसारखं झुलत बसलं.

शून्य कुठे मानायचं

वजन पूर्ण स्थिर झाल्यावर टाचणी पट्टीवर कुठे आहे ते आधी लिहून ठेवा. आमच्याकडे 24.3 सेंटीमीटर आलं. ही समतोल स्थिती. आलेखातलं शून्य म्हणजे हीच जागा. स्प्रिंगला काही टांगलेलं नसताना तिचं टोक जिथे असतं ते शून्य नव्हे, पट्टीवरचं शून्य तर अजिबात नव्हे.

विस्थापन म्हणजे या जागेपासूनचं अंतर, दिशेसकट. वरची दिशा धन आणि खालची ऋण असं आम्ही ठरवलं. उलटं ठरवलं तरी बिघडत नाही, मात्र मधेच बदलू नका. आमच्या पट्टीचं शून्य वर असल्यामुळे वजन खाली गेलं की पट्टीवरचा आकडा वाढत होता. म्हणून प्रत्येक वेळी 24.3 मधून वाचलेला आकडा वजा केला. पट्टीवर 28.3 दिसलं की विस्थापन उणे 4.0.

आता वजन चार सेंटीमीटरपेक्षा किंचित जास्त खाली ओढा आणि सोडा. ढकलू नका, बोटं फक्त बाजूला करा. फार खाली ओढलं तर वजन वर जाताना स्प्रिंगची वेटोळी एकमेकांवर आदळतात, टक असा आवाज येतो, आणि मग तो आलेख आपल्याला हवा तो राहत नाही. आवाज आला तर थांबवा आणि कमी ओढून पुन्हा सुरू करा.

व्हिडिओतून आकडे

साधा व्हिडिओ घ्या, सेकंदाला 30 फ्रेमचा. वजनाला आठ-दहा फेऱ्या करू द्या. सोबत कोणी स्टॉपवॉच लावून दहा फेऱ्यांचा वेळ मोजला तर उत्तम, पुढे पडताळ्याला कामी येतो. हे मोजताना एक युक्ती: वजन खालून वर जाताना मध्यातून गेलं त्या क्षणी "शून्य" म्हणा आणि घड्याळ सुरू करा. "एक" म्हणून सुरुवात केलीत तर दहा म्हणेपर्यंत फेऱ्या नऊच झालेल्या असतात.

व्हिडिओ दुसऱ्या यंत्रावर बघायचा असेल तर केबलने घ्या. मेसेजवरून पाठवला की तो दाबला जातो आणि फ्रेम गळू शकतात. गळलेल्या फ्रेमसोबत वेळही गळतो.

वजन सोडलं त्या क्षणाला शून्य वेळ मानण्याचा मोह होतो, तो टाळा. बोटं नेमकी कधी सुटली हे फ्रेममध्ये कळत नाही. दोन-तीन फेऱ्या जाऊ द्या, मग वजन सगळ्यात खाली दिसेल ती फ्रेम शून्य धरा. तिथून पुढे दर तिसरी फ्रेम वाचली, म्हणजे दर 0.1 सेकंदाला एक आकडा. आमची पहिली फेरी अशी आली:

| वेळ (सेकंद) | पट्टीवर (सेमी) | विस्थापन (सेमी) |
|---|---|---|
| 0.0 | 28.3 | −4.0 |
| 0.1 | 27.1 | −2.8 |
| 0.2 | 24.4 | −0.1 |
| 0.3 | 21.5 | +2.8 |
| 0.4 | 20.3 | +4.0 |
| 0.5 | 21.4 | +2.9 |
| 0.6 | 24.2 | +0.1 |
| 0.7 | 27.1 | −2.8 |
| 0.8 | 28.2 | −3.9 |

ग्राफपेपरवर आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर विस्थापन. उभ्या अक्षाचं शून्य कागदाच्या मध्यावर घ्या, कारण अर्धे आकडे ऋण आहेत. बिंदू पट्टीने जोडू नका, त्यांच्यातून हाताने गुळगुळीत वक्र काढा. पट्टीने जोडले की टोकं छपरासारखी अणकुचीदार होतात. अणकुचीदार टोकाचा अर्थ असा होतो की वर जाणारं वजन क्षणार्धात उलट फिरलं. प्रत्यक्षात ते हळू होत होत थांबतं आणि मग वळतं, म्हणून टोक गोल हवं.

भाच्याचा इथला प्रश्न मला आवडला. "मामा, पण वजन तर सरळ वर-खाली जातं, ही लाट कुठून आली?" लाट वेळेमुळे आली. आलेख म्हणजे वजनाचा मार्ग नव्हे. कल्पना करा, वजनाला पेन्सिल बांधली आहे आणि तिच्यामागून कोणी कागद एकसारख्या गतीने सरकवतंय. पेन्सिल वर-खालीच जाते, लाट उमटते ती कागद सरकल्यामुळे. आलेखावर बोट फिरवताना हे डोक्यात ठेवा: बोट उजवीकडे जातं तो फक्त वेळ आहे, वजन तिळभरही उजवीकडे गेलेलं नाही.

आयाम

हे सोपं आहे. मधल्या रेषेपासून टोकापर्यंतची उंची, म्हणजे 4.0 सेंटीमीटर. वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत 8 सेंटीमीटर होतात, तो आयाम नाही, त्याची दुप्पट आहे. पण ही दुप्पट मोजून दोनने भागणं ही चांगली सवय आहे. कारण शून्याची जागा वाचताना एखाद-दुसऱ्या मिलिमीटरची चूक झाली असली, तर वरचं टोक जेवढं मोठं दिसतं तेवढंच खालचं लहान दिसतं, आणि भागाकारात ती चूक निघून जाते. वरचं टोक +4.2 आणि खालचं −3.8 आलं, तर वजन वर जास्त आणि खाली कमी जातंय असं समजू नका. तुमचं शून्य दोन मिलिमीटर सरकलंय.

प्रत्येक फेरीला टोक थोडं थोडं बसत जातं. हवा आणि स्प्रिंगमधलं घर्षण वजनाची ऊर्जा खातात. आमच्या तक्त्यातही शेवटी −3.9 आलंय, पण तो एक मिलिमीटर घटीचा आहे की वाचण्यातल्या चुकीचा, हे एका फेरीवरून सांगता येणार नाही. दहाव्या फेरीचं टोक बघितलं की घट दिसते. म्हणून आयाम लिहिताना कोणत्या फेरीचा तेही लिहा.

दोलनकाल: टोकावरून मोजू नका

एका पूर्ण फेरीला लागणारा वेळ म्हणजे दोलनकाल. पुस्तकात बहुधा दोन लागोपाठच्या टोकांमध्ये बाण काढून दाखवतात, आणि छापील आलेखावर ते चालतंही. स्वतःच्या आकड्यांवर मात्र ते फसवं ठरतं. का, ते एकदा जवळून बघू.

आम्ही वरच्या टोकाच्या आसपासच्या फ्रेम एकेक करून पाहिल्या. टोकाच्या एक फ्रेम आधी टाचणी टोकापेक्षा जेमतेम दीड मिलिमीटर खाली, टोकाच्या एक फ्रेम नंतरही तेवढीच. मोजपट्टीवर आपण एका मिलिमीटरपर्यंत वाचतो. म्हणजे नेमकी कोणती फ्रेम टोकाची, हे ठरवताना भाचा आणि मी चक्क भांडलो. हिशेब केला तर कळतं की एक मिलिमीटरची शंका असेल तर टोकाची वेळ इकडे किंवा तिकडे 0.03 सेकंदाने चुकू शकते. फक्त 0.8 सेकंदाच्या फेरीत ही चूक थोडी नाही.

आता मध्याकडे या. वजन वर जाताना मध्याजवळच्या तीन लागोपाठ फ्रेममध्ये आमचं विस्थापन −1.1, −0.1 आणि +1.0 होतं. एका फ्रेममध्ये सेंटीमीटरभर उडी. इथे वाचताना एका मिलिमीटरची चूक झाली तरी वेळ 0.003 सेकंदानेच हलतो, टोकावरच्या चुकीच्या साधारण नवव्या हिश्श्याने. म्हणून उंची वाचायची ती टोकावर, जिथे वेळ थोडी चुकली तरी उंची हलत नाही. आणि वेळ वाचायची ती मध्यावर, जिथे उंची थोडी चुकली तरी वेळ हलत नाही.

तर वक्र मधल्या रेषेला वर जाताना कुठे छेदतो ते बघा. मग पुन्हा वर जाताना कुठे छेदतो ते बघा. या दोहोंमधलं अंतर म्हणजे दोलनकाल. "वर जाताना" हे शब्द दोन्हीकडे हवेत. लागोपाठचे कोणतेही दोन छेद घेतलेत तर एक वर जातानाचा आणि एक खाली येतानाचा निघतो, आणि उत्तर निम्मं येतं. आमच्या तक्त्यात पहिला छेद 0.2 ला आणि दुसरा 0.6 ला आहे. फरक 0.4 सेकंद, ही अर्धी फेरी झाली.

एका फेरीवर न थांबता आम्ही चार फेऱ्या घेतल्या. वर जातानाचा पहिला छेद 0.20 सेकंदाला, पाचवा छेद 3.40 सेकंदाला. पाच छेद, पण त्यांच्यामधल्या फेऱ्या चार. पाच खांबांमध्ये चार गाळे असतात तसंच. 3.20 भागिले 4, म्हणजे 0.80 सेकंद. स्टॉपवॉचवर दहा फेऱ्यांना आठ सेकंद आले होते, जुळलं.

वारंवारता

ती आलेखावर कुठे दाखवता येत नाही, ती दोलनकालावरून काढायची. 1 भागिले 0.80, म्हणजे 1.25 हर्ट्झ: सेकंदाला सव्वा फेरी. उत्तर बरोबर वाटतंय का हे व्हिडिओ बघून सांगता येतं. 2.5 आलं असेल तर वर सांगितलेली अर्ध्या फेरीची चूक झाली आहे. 0.00125 आलं असेल तर आडवा अक्ष मिलिसेकंदात आहे हे वाचायचं राहिलंय. 800 ला सेकंद समजून भागाकार झाला. परीक्षेतले आलेख काढणाऱ्यांना मिलिसेकंद फार प्रिय असतात.

आणखी एक सापळा. आडव्या अक्षावर वेळेऐवजी अंतर लिहिलं असेल, तर तो आलेख दोरीवरच्या लाटेसारखा काहीतरी वेगळा आहे. त्यातल्या दोन टोकांमधलं अंतर म्हणजे तरंगलांबी, तिथे दोलनकाल मिळत नाही. दिसायला दोन्ही जुळे भाऊ, म्हणून आधी अक्षाखालची अक्षरं वाचा.

चाल कुठे सर्वात जास्त

खरं तर हे उत्तर आपण वर देऊन बसलोय. टोकाजवळ वजन एका फ्रेममध्ये दीड मिलिमीटर सरकलं, मध्याजवळ दहा-अकरा मिलिमीटर. वेळ तेवढाच, अंतर सातपट. मध्यावर वेळ इतकी नेमकी वाचता येते, याचं कारणच हे की तिथे वजन सर्वात जोरात जातं.

आलेखाच्या भाषेत सांगायचं तर चाल वक्राच्या उंचीत नसते, चढात असते. उंची सांगते वजन कुठे आहे. चढ सांगतो ते किती भरभर जागा बदलतंय. टोकावर वक्र आडवा पडतो, चढ शून्य, चाल शून्य. मधल्या रेषेला छेदताना तो सर्वात उभा असतो, तिथे चाल सर्वात जास्त. वर जातानाचा छेद आणि खाली येतानाचा छेद, दोन्हीकडे चाल सारखीच. दिशा फक्त उलटी, म्हणून वेगाचं चिन्ह बदलतं. प्रश्नात चाल विचारली असेल तर दोन्ही छेद सांगा. वरच्या दिशेचा सर्वाधिक वेग विचारला असेल तर फक्त चढते छेद.

किती ते काढू. वरच्या तीन फ्रेममधली पहिली आणि शेवटची घ्या: −1.1 पासून +1.0 पर्यंत 2.1 सेंटीमीटर, दोन फ्रेमच्या वेळात, म्हणजे सेकंदाच्या पंधराव्या भागात. चाल साधारण 31.5 सेंटीमीटर दर सेकंद. पडताळा घ्यायला सूत्र आहे:

v = 2πA / T

यात A आयाम आणि T दोलनकाल. 6.28 गुणिले 4.0 भागिले 0.80, उत्तर 31.4. इतकं जुळलं त्यात थोडं नशीबही आहे, 2.1 मध्ये एक मिलिमीटर इकडे-तिकडे झाला असता तर उत्तर पाच टक्क्यांनी हललं असतं.

भाच्याने आधी हेच गणित फ्रेम न बघता तक्त्यावरून केलं होतं: 0.1 सेकंदाला −2.8, 0.3 सेकंदाला +2.8, म्हणजे 5.6 भागिले 0.2, उत्तर 28. कमी आलं. चूक भागाकारात नव्हती. इतक्या लांबच्या दोन बिंदूंमध्ये वक्र दोन्ही टोकांना वाकायला लागलेला असतो, आणि आपण त्या वाकलेल्या भागाचीही सरासरी काढून बसतो. चढ काढायचा तर वक्राचा सरळ दिसणारा तुकडाच घ्या, मधल्या रेषेच्या वर-खाली आयामाच्या पाव भागापर्यंत. छापील आलेखावर त्या तुकड्याला पट्टी लावून लांब स्पर्शिका काढा आणि स्पर्शिकेवरचे लांबचे दोन बिंदू वाचा. तिथे लांबचे चालतात, कारण स्पर्शिका सरळ असते.

चढावर विश्वास बसत नसेल तर व्हिडिओ थांबवून नुसती टाचणी बघा. टोकाच्या फ्रेममध्ये ती रेखीव दिसते, टोकाशी गंज आहे की नाही हेही कळतं. मध्याच्या फ्रेममध्ये ती उभी फासल्यासारखी दिसते. खोलीत उजेड कमी असेल तर हा फरक आणखी ठळक होतो, कारण कॅमेऱ्याचं शटर जास्त वेळ उघडं राहतं. भाच्याने ती फासलेली टाचणी बघितली आणि वरच्या टोकावर ठेवलेलं बोट मागे घेतलं.

मागे घेतलं, पण समाधान झालं नव्हतं. "टोकाला तर स्प्रिंग सगळ्यात जोरात ओढते ना? मग वजन तिथे जोरात का नाही?" शंका रास्त आहे. खालच्या टोकाला वजन क्षणभर थांबलेलं असतं आणि त्याच्यावर मध्याकडे खेचणारं निव्वळ बल सर्वात मोठं असतं. म्हणून त्याची चाल तिथे सर्वात झपाट्याने वाढायला लागते. मध्याकडे जाताना बल घटत जातं, पण दिशा तीच असते, त्यामुळे चाल वाढतच राहते, फक्त सावकाश. मध्यावर निव्वळ बल शून्य होतं आणि वजन पलीकडे गेलं की ते उलटं लागतं. म्हणजे मध्य ही चाल वाढण्याची शेवटची जागा. बल मोठं असणं आणि चाल मोठी असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ऐरोलीहून सुटणाऱ्या लोकलमध्ये मागे झोक जातो तो सुटताना, आणि तेव्हा गाडी हळूच असते.

कमी ओढून पाहिलं

मग वजन दोनच सेंटीमीटर ओढून दुसरा आलेख काढला आणि त्याच कागदावर लाल पेनाने उतरवला. टोकं निम्म्या उंचीवर आली, पण मधल्या रेषेचे छेद पहिल्याच जागी: दोलनकाल 0.80 सेकंदच. अंतर निम्मं आणि वेळ तोच, म्हणून मध्यावरची चालही निम्मी, सुमारे 15.7 सेंटीमीटर दर सेकंद. लाल वक्र निळ्यापेक्षा लोळलेला दिसतो तो यामुळेच.

दोलनकाल ठरतो तो वजन आणि स्प्रिंगचा ताठपणा यांवरून. ते सूत्र असं:

T = 2π√(m/k)

ताठपणा k काढायला आम्ही 100 ग्रॅमवरून 200 ग्रॅमवर गेलो, टाचणी 7.8 सेंटीमीटर खाली आली. रिकाम्या स्प्रिंगपासून मोजलं नाही, कारण अशा काही स्प्रिंगची वेटोळी मुळातच एकमेकांना घट्ट चिकटून असतात आणि पहिलं थोडं वजन ती सोडवण्यातच खर्ची पडतं. 100 ग्रॅमचं वजन 0.981 न्यूटन, त्याला 0.078 मीटरने भागलं की k सुमारे 12.6 न्यूटन दर मीटर. सूत्रात 0.2 किलोग्रॅम टाकले तर दोलनकाल 0.79 सेकंद येतो. आलेखावर 0.80 होता.

हा शंभरावा भाग मी सोडून दिला असता, पण भाच्याने धरून ठेवला. सूत्र स्प्रिंगला बिनवजनाची मानतं. आमची स्प्रिंग काट्यावर 15 ग्रॅम भरली. दोलनात तिचा वरचा भाग जवळजवळ हलत नाही आणि खालचा वजनाइतकाच हलतो, म्हणून हिशेबात तिच्या वजनाचा तिसरा हिस्सा धरतात. 200 मध्ये 5 ग्रॅम मिळवले आणि 0.80 आलं.

शून्य मध्यावर नसलेला आलेख

संध्याकाळी खाडीच्या बाजूला फिरायला गेलो तेव्हा एक गंमत म्हणून त्याला भरती-ओहोटीचं गणित घातलं, कारण त्या आलेखात उभ्या अक्षाचं शून्य मध्यावर नसतं आणि मुलं हमखास तिथे अडतात. समजा सकाळी 6:00 वाजता पाणी सर्वात खाली, 0.8 मीटरवर, आणि दुपारी 12:12 ला सर्वात वर, 4.4 मीटरवर. आयाम किती?

तो आधी 4.4 म्हणाला, मग 3.6, आणि मग थांबून मधली रेषा शोधली: 0.8 आणि 4.4 यांच्या मध्यावर 2.6 मीटर. आयाम 1.8 मीटर. तळापासून टोकापर्यंत 6 तास 12 मिनिटं ही अर्धी फेरी, म्हणून दोलनकाल 12 तास 24 मिनिटं. पाणी सर्वात भरभर चढणार ते 2.6 मीटरची रेषा ओलांडताना, नऊ वाजून सहा मिनिटांच्या सुमारास. त्या सुमाराच्या अर्ध्या तासात पातळी पंचेचाळीसएक सेंटीमीटर वाढते. भरती शिगेला पोचल्यानंतरच्या अर्ध्या तासात मात्र पाच-सहा सेंटीमीटरच उतरते. खऱ्या भरत्या स्प्रिंगइतक्या शिस्तीच्या नसतात, दिवसातल्या दोन भरत्यांची उंचीसुद्धा सारखी नसते, त्यामुळे हे आकडे अंदाजाचेच.

आम्ही पोचलो तेव्हा कडेच्या दगडावर ओल्याची रेघ होती आणि पाणी तिच्यापासून जेमतेम चार बोटं खाली. भाच्याने मोबाइल काढून वेळ बघितली आणि म्हणाला, "टोकाजवळ आहे. आता नेमकी कधी उलटली ते सांगता येणार नाही."